सॉफ्टबॉल आणि बेसबॉल एकच का? शॉर्टस्टॉपच्या जागेवर उभं राहून बघा

प्रश्न: सर, माझा मुलगा नववीला आहे, सेलूला शाळेकडून तीन वर्षांपासून सॉफ्टबॉल खेळायलाय, शॉर्टस्टॉपला असतो. महिन्याभरावर बेसबॉलची निवड चाचणी आहे. त्याचे सर म्हणतात दोन्ही एकच, फक्त बॉल लहान. खरंच एवढाच फरक आहे का? बॉल, पिचिंग, बेसचं अंतर, मॅच किती वेळ चालते, सगळं नीट सांगाल का?

उत्तर:

भाऊ, बॉल लहान असतो हे खरंय, पण तेवढंच डोक्यात ठेवून पोरगं चाचणीला गेलं तर पहिल्या दोन ग्राउंड बॉललाच त्याचा थ्रो फर्स्ट बेसच्या अलीकडं टप्पा खाईल आन निवड समितीवाले वहीत काहीतरी लिहून मोकळे होतील. मी वीसेक वर्षं दोन्ही खेळ शिकवतोय, आधी परभणीत आन आता जालन्यात, आन सॉफ्टबॉलवरून बेसबॉलला गेलेली जी पोरं अडकली ती बहुतेक शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आन थर्ड बेसच्या मधी उभी राहणारी, नाहीतर थर्ड बेसचीच होती. त्यामुळं तुमच्या पोराच्या जागेवरूनच सांगतो, म्हणजे आकडे नुसते पाठ करायची गरज पडणार नाही.

आधी बॉल. सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम. बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच आन वजन १४२ ते १४९ ग्रॅम. हे नीट समजायचं तर घरातला क्रिकेटचा लेदर बॉल हातात घ्या, बेसबॉल जवळपास त्याच मापाचा असतो, वजनाला थोडा हलकाच. आन सॉफ्टबॉल 'सॉफ्ट' असतो ह्या भ्रमात कुणी राहू नये, १८८७ साली शिकागोत हा खेळ पहिल्यांदा खेळला तेव्हा बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा बॉल केला होता, 'सॉफ्टबॉल' हे नाव मात्र बऱ्याच वर्षांनी पडलं, आजचा पिवळा बॉल नडगीवर बसला की आठ दिवस निळं राहतंय.

घेराचा खरा परिणाम बोटांवर होतो. बारा इंची बॉल नववीतल्या पोराच्या दोन बोटांत बसत नाही, म्हणून ती तीन बोटं, कधी चारही बोटं वर टाकून पकडतात. तीन वर्षांत ती पकड हाताला इतकी मुरते की बेसबॉल दिला तरी पोरगं तीन बोटांनीच फेकतं आन मग बॉल सरळ न जाता बाजूला वळतो. तुम्हाला घरी बघायचं असेल तर पोराला बेसबॉल फेकायला लावा आन तुम्ही समोरून शिवण बघा. बॉलची फिरकी सरळ मागच्या बाजूला असेल तर ठीक, पण शिवण तिरपी गरगरताना दिसली आन बॉल शेवटी बाजूला पळाला तर पकड अजून सॉफ्टबॉलची आहे. पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी, अंगठा खाली, तळहात आन बॉलच्या मधी थोडी फट, एवढंच करायचंय, पण रोज शंभर वेळा ग्लोव्हमधून न बघता तशी पकड काढायला लावा, बोटांना सवय व्हायला दोन आठवडे जातात. ग्लोव्हचंही तसंच, सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह मोठा आन खोल असतो, त्यात लहान बॉल गेला की शोधावा लागतो, तेवढ्यात रनर पोचतो. जमलं तर कुणाकडून तरी महिनाभर बेसबॉलचा इनफिल्डर ग्लोव्ह मागून आणा. बॅट मात्र बदलावीच लागते, सॉफ्टबॉलची बॅट सव्वादोन इंच जाडीची असते आन बेसबॉलची त्याच्यापेक्षा जाड, सॉफ्टबॉलची बॅट घेऊन बेसबॉल मारायला जाऊ नये.

आता बेसचं अंतर, कारण सगळी गोम इथं आहे. सॉफ्टबॉलला दोन बेसमधी ६० फूट म्हणजे १८.२९ मीटर, बेसबॉलला ९० फूट म्हणजे २७.४३ मीटर. ऐकायला दीडपटच वाटतं, पण शॉर्टस्टॉपला उभं राहून फर्स्ट बेसकडं बघा मग कळतं. सॉफ्टबॉलला त्याच्या जागेवरून फर्स्ट बेस ७०-७५ फुटांवर असतो, बेसबॉलला ११०-१२० फुटांवर. पोरगं तीन वर्षं पंच्याहत्तर फुटांचा थ्रो करत आलंय आन आता त्याला अचानक चाळीसेक फूट जास्त टाकायचंय.

तरी पण खरा घोळ ताकदीचा नसतो, घाईचा असतो. मी पोरांवर स्टॉपवॉच लावून जे आकडे काढलेत ते अंदाजे सांगतो. सॉफ्टबॉलला बऱ्यापैकी पळणारं पोरगं बॅट लागल्यापासून फर्स्ट बेसवर ३.१ सेकंदात पोचतं. ग्राउंड बॉल शॉर्टस्टॉपपर्यंत यायला १.१ सेकंद, उचलून हातातून सुटायला ०.९, आन पंच्याहत्तर फूट थ्रोला ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं एक सेकंद. झाले तीन सेकंद. म्हणजे हातात राहिला फक्त दशांश एक सेकंद, बॉल एकदा जरी ग्लोव्हमधी उसळला तरी रनर सेफ. त्यामुळं सॉफ्टबॉलचा चांगला शॉर्टस्टॉप पाय लावत बसत नाही, पळता पळता वाकून, कोपरातून, अंगाच्या बाजूनं फेकून मोकळा होतो आन ते बरोबरच आहे, तिथं दुसरा इलाज नाही.

आता तोच हिशोब बेसबॉलला लावू. रनरला नव्वद फूट पळायला ४.५ सेकंद लागतात. बॉल लांब उभ्या शॉर्टस्टॉपपर्यंत यायला १.६, उचलून सुटायला १.१, आन ११५ फूट थ्रो ताशी १०० च्या वेगानं १.३ सेकंद. झाले चार. अर्धा सेकंद शिल्लक! एवढ्या वेळात एक पाऊल पुढं टाकून, खांदा फर्स्ट बेसकडं वळवून, डोक्यावरून नीट फेकता येतं. पण सॉफ्टबॉलच्या पोराला तो अर्धा सेकंद आपल्याकडं आहे हेच माहीत नसतं, ते जुन्या घाईनं पाय न लावताच फेकतं, मग वेग ताशी ८० च राहतो, थ्रोला १.६ सेकंद लागतात आन बॉल फर्स्ट बेसच्या दहा फूट अलीकडं मातीत पडतो. बघणारा म्हणतो पोराच्या हातात जोर नाही. जोर असतो हो, पायच मागं राहिलेले असतात.

मागं एका पोराचं हेच झालं होतं, हात इतका फास्ट की सॉफ्टबॉलला त्याच्याकडं बॉल गेला म्हणजे आउट धरूनच चालायचं. बेसबॉलच्या चाचणीत पाच ग्राउंड बॉलपैकी तीन थ्रो टप्पा खाऊन गेले. मी त्याला सराव म्हणून एकच गोष्ट दिली, बॉल उचलल्यावर मोठ्यानं 'एक' म्हणायचं आन मग फेकायचं. त्या 'एक'मधी उजवा पाय आपोआप बॉलच्या रेषेत येऊन टेकतो. पोरं हसायची त्याला, पण तीन आठवड्यांत थ्रो छातीवर यायला लागले. अंतर मात्र एकदम वाढवू नका. पहिले चार-पाच दिवस ७५ फूट, मग ९०, मग १०५, मग १२०, आन प्रत्येक टप्प्यावर दहापैकी आठ थ्रो टप्पा न खाता छातीवर आले तरच पुढं सरका. खांदा किंवा कोपराची आतली बाजू दुखायला लागली की तिथंच थांबायचं, बाम लावून फेकत राहायचं नाही.

बेस पळण्यातही एक सवय उलटी आहे. सॉफ्टबॉलला पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, आधी सोडला की सरळ आउट. बेसबॉलला आधीच दहा-बारा फूट पुढं जाऊन उभं राहतात, त्याला लीड म्हणतात, आन पिचर मधीच बेसवर थ्रो करून त्याला पकडू शकतो. तुमचं पोरगं बेसला पाय चिकटवून उभं राहील, मग सेकंड बेस चोरायला त्याला पूर्ण नव्वद फूट पळावं लागेल आन कॅचर त्याला आरामात आउट करील. बाकीची पोरं ७८-८० फूटच पळत असतात. लीड घेताना पिचरच्या पायाकडं बघायला शिकवा, एवढ्या दिवसांत तेवढं पुष्कळ झालं.

पिचिंगवर आता येतो, कारण बॅटिंगलाही तो उभा राहणारच. सॉफ्टबॉलचा पिचर सपाट जमिनीवर उभा राहतो, हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवतो, त्याला विंडमिल म्हणतात, आन बॉल खालून, मांडीजवळून, मनगटाच्या झटक्यानं सोडतो. बेसबॉलचा पिचर १० इंच उंच मातीच्या उंचवट्यावरून, माउंडवरून, खांद्याच्या वरून फेकतो. अंतर सॉफ्टबॉलला मुलींसाठी ४३ फूट, पुरुषांसाठी ४६ फूट, आन बेसबॉलला ६० फूट ६ इंच, हे मोठ्या गटाचं, लहान गटांना कमी असतं म्हणून स्पर्धेचं पत्रक बघूनच सराव करा.

लोकांना वाटतं खालून टाकतात म्हणजे सोपं असेल. हिशोब करून बघा. पिचर मोठं पाऊल टाकून साधारण सहा फूट पुढं येऊन बॉल सोडतो, म्हणजे ४३ चे राहिले ३७ फूट, आन साडेसाठचे राहिले साडेचोपन्न. आपल्याकडची बरी मुलगी ताशी ७५ किलोमीटरनं टाकते, ते ३७ फूट ०.५४ सेकंदात कापते. बेसबॉलचा पोरगा ताशी ११० नं टाकतो, त्याचे साडेचोपन्न फूटही ०.५४ सेकंदातच जातात. हवेची अडवणूक धरली तर दोन्हीत थोडं वाढेल, पण बॅटरला मिळणारा वेळ जवळपास सारखाच. त्यामुळं पोराला बेसबॉलच्या नुसत्या वेगाची भीती घालू नका, तेवढ्या वेळात बघून मारायची सवय त्याला आहे.

बदलतो तो बॉलचा मार्ग. सॉफ्टबॉलला बॉल गुडघ्या-मांडीच्या उंचीवरून निघून सपाट येतो, कधी वर चढल्यासारखा वाटतो, बेसबॉलला डोक्याच्या वरून निघून खाली उतरत येतो. सॉफ्टबॉल खेळलेलं पोरगं बेसबॉलला बॅट फार सपाट आडवी फिरवतं, आन बॉल तोवर खाली गेलेला असतो म्हणून सारखे ग्राउंड बॉल लागतात. उलट बेसबॉलवाला सॉफ्टबॉलला आला की बॉलच्या खालून बॅट काढतो. २००४ मधी अमेरिकेत जेनी फिंच नावाच्या सॉफ्टबॉल पिचरनं एका प्रदर्शनी सामन्यात अल्बर्ट पुहोल्ससारख्या मेजर लीगच्या दांडगट बॅटरला स्ट्राइक आउट केलं होतं. पुहोल्सला वेग नवीन नव्हता, पण आयुष्यभर ज्या खांद्याकडं, ज्या हाताकडं बघून तो बॉल ओळखायचा तो हातच त्याला दिसला नाही. तुमच्या पोराचं उलट्या बाजूनं तसंच होणार, त्याची नजर पिचरच्या मांडीवर असते, ती आता टोपीच्या शेजारी न्यावी लागेल. पहिले आठ दिवस बॅट न फिरवता नुसतं उभं राहून बॉल बघायला लावा, शंभरेक पिच, आन 'स्ट्राइक' का 'बॉल' ते तोंडानं म्हणायला लावा. कंटाळा येतो पण फायदा होतो.

पिचरच्या पायाचं एक बारीक सांगतो, कारण आपल्याकडं अंपायरशी भांडणं ह्यावरूनच होतात. सॉफ्टबॉल पिचरनं पाय पिचिंग प्लेटवरून, म्हणजे तो उभा राहतो त्या पट्टीवरून, ढकलून पुढं जाताना पुन्हा टेकवून दुसऱ्यांदा जोर घ्यायचा नाही, त्याला क्रो हॉप म्हणतात, ते बेकायदा आहे. डोळ्यानं पकडणं अवघड, पण आपली काळी माती साक्ष देते. इनिंग संपली की पिचिंग प्लेटच्या पुढं जाऊन बघा, मागच्या पायाच्या अंगठ्यानं ओढलेली रेघ सलग असेल तर चिंता नाही, रेघ तुटून दीड-दोन फुटांवर नवा खळगा पडलेला दिसला तर पोरगी उडी मारून पुन्हा जोर घेतेय. आमच्या मुलींना मी ही रेघ रोज बघायला लावतो, मोबाईलच्या व्हिडिओपेक्षा लवकर कळतं.

आन खालून फेकल्यावर हात दुखत नाही हा गैरसमज आहे. मनगट-कोपराला बेसबॉलइतका ताण नसेलही, पण विंडमिलमधी खांद्याच्या पुढच्या बाजूला आन दंडाला ताण येतो, एकाच दिवशी तीन-तीन मॅच पिच करणाऱ्या मुली दुसऱ्या दिवशी केस विंचरताना कळवळतात. बेसबॉलला लहान पोरांच्या पिचची मोजणी होते, अमेरिकेतल्या लिटल लीगमधी १३ ते १६ वयाला दिवसाला ९५ पिचची मर्यादा आहे. चाचणीत कुणी म्हणालं 'तू पिचिंग पण करून दाखव' आन पोरानं कधी माउंडवरून टाकलं नसेल तर वीस-पंचवीस पिचच्या वर टाकू देऊ नका.

मॅचचा वेळ थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉल ७ इनिंगचा, बेसबॉल ९ चा, घड्याळ लावून दोन्ही संपत नाहीत. सॉफ्टबॉल दीड-दोन तासांत आटपतो, बेसबॉलला अडीच ते तीन तास धरून चला. पाचव्या इनिंगनंतर सात रनचा फरक असला की सॉफ्टबॉलची मॅच आंतरराष्ट्रीय नियमानं तिथंच संपते, बेसबॉलला त्याच नियमात सात इनिंगनंतर दहा रनचा फरक लागतो. खेळाडूला कळणारा फरक असा की ७ इनिंगमधी एका बॅटरला साधारण तीनच वेळा बॅट मिळते, म्हणून सॉफ्टबॉलला पहिल्याच इनिंगला बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता नुसती बॉलला लावून, एक रन काढतात, बेसबॉलला चार-पाच वेळा बॅट मिळते त्यामुळं पहिल्या इनिंगला कोच बंट सांगत नाही, आन तुमच्या पोरानं सवयीनं न सांगता बंट केला तर बोलणी खाईल. अजून एक, सॉफ्टबॉलला सुरुवातीचा खेळाडू बाहेर काढला तरी एकदा परत आत येऊ शकतो, बेसबॉलला बाहेर गेला की त्या मॅचपुरता गेला. दुपारच्या उन्हात तीन तास उभं राहायचं असतं, पाणी आन मीठ-साखर सोबत द्या.

शेवटी सरावाच्या मैदानाबद्दल, कारण तिथंच महिना वाया जाऊ शकतो. एका तालुका स्पर्धेत वॉर्म-अपला माझ्या पिचरचे ड्रॉप बॉल, म्हणजे शेवटी खाली उतरणारे बॉल, सगळे होम प्लेटच्या अलीकडं पडायला लागले. मुलगी रडकुंडीला आली, मी पण आधी तिलाच बोललो. मग टेप लावला तर आयोजकांनी ४३ फूट होम प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजून फक्की मारलेली. मोजायचं असतं प्लेटच्या मागच्या टोकापासून, आन प्लेट पुढून मागं १७ इंच असते, म्हणजे ती ४४ फूट ५ इंचावरून टाकत होती. बेस पण तसेच, मागच्या टोकापासूनच मोजायचे. चौकोन काटकोनात आहे का ते बघायला होमपासून सेकंड बेसपर्यंत आडवा टेप टाका, सॉफ्टबॉलला ८४ फूट १० इंच आन वर थोडं, बेसबॉलला १२७ फूट ३ इंच आन वर थोडं आलं पाहिजे. चार-सहा इंच इकडं तिकडं चालतंय, पण दोन-तीन फूट फरक आला तर पुन्हा आखा. शाळेच्या मैदानावर सॉफ्टबॉलच्या जुन्या खुणा असतीलच, त्यावरच बेसबॉलचा सराव झाला तर पोरगं साठ फुटांचंच राहील, म्हणून उद्या सकाळी टेप, दोरी आन अर्धी गोणी फक्की घेऊन तुम्ही स्वतः जा आन पोराला शॉर्टस्टॉपला उभं करून तिथून फर्स्ट बेसपर्यंत एकदा पावलांनी चालवा.